बारावीनंतर ॲनिमेशन : चूक दाखवणारा कुठे मिळेल?

बारावीची परीक्षा संपली की ॲनिमेशनच्या जाहिराती दिसू लागतात. एका वर्षात करिअर, नोकरीची हमी, निकालाआधी प्रवेश घेतला तर फीत सवलत. घरात वहीच्या कडेकडेने चित्रं काढणारं एखादं मूल असेल, तर मग चर्चा सुरू होते. मामा म्हणतो, डिग्री पाहिजेच. शेजारचा मुलगा सांगतो, डिप्लोमा करून त्याचा मित्र मुंबईत लागला. आणि मूल स्वतः म्हणतं, यूट्यूबवर सगळं फुकट आहे, फक्त कॉम्प्युटर घेऊन द्या.

या तीन वाटांची तुलना सहसा फी, मुदत आणि नोकरी अशा तीन रकान्यांत होते. ते रकाने महत्त्वाचे आहेतच, पण त्यांतून एक गोष्ट निसटते. या तिन्ही ठिकाणी आपण पैसे किंवा वेळ देऊन नेमकं काय घेतो, हे त्यांत दिसत नाही. ते समजण्यासाठी आधी नोकरी देणारा काय तपासतो ते पाहावं लागेल.

नोकरी देणारा काय बघतो

स्टुडिओत अर्ज करताना बायोडेटासोबत एक व्हिडिओ द्यायचा असतो. त्याला डेमो रील किंवा नुसतं रील म्हणतात. नवख्याचं रील मिनिटभराचं असलं तरी पुष्कळ झालं. त्यात तीन-चार शॉट असतात आणि प्रत्येक शॉटमधलं नेमकं कोणतं काम उमेदवाराचं आहे ते लिहिलेलं असतं. पात्राचं मॉडेल दुसऱ्याचं आणि हालचाल माझी, असं असलं तरी चालतं, फक्त ते सांगितलेलं हवं. ॲनिमेशन विभागाचा प्रमुख, ज्याला लीड म्हणतात, तो हे रील बघतो. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत त्याचं मत बरंचसं बनलेलं असतं. म्हणून सर्वांत चांगला शॉट पहिला ठेवायचा, आणि दोन चांगल्या शॉटच्या मध्ये एक कच्चा शॉट ‘भर म्हणून’ घालायचा नाही. लीड उमेदवाराची पातळी त्या कच्च्या शॉटवरून ठरवतो, कारण उमेदवाराला तो कच्चा वाटला नाही हे त्यातून कळतं.

या टप्प्यावर टक्केवारी कुणी विचारत नाही. प्रमाणपत्र डिप्लोमाचं आहे की डिग्रीचं, हा प्रश्न पुढे कधीतरी येतो. पहिला प्रश्न असतो तो वजनाचा. पडद्यावरचं पात्र जमिनीवर उभं आहे असं वाटतं का, की ते नुसतं तरंगतंय?

चोवीस फ्रेममधलं चालणं

याचं सर्वांत सोपं उदाहरण म्हणजे चालणं. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे फ्रेम, जातात. साधारण ताठ चालीत एक पाऊल बारा फ्रेमचं धरतात, म्हणजे दोन पावलं मिळून बरोबर एक सेकंद. पहिल्या फ्रेमला पुढच्या पायाची टाच जमिनीला लागलेली असते आणि मागच्या पायाचा चवडा अजून जमिनीवर असतो. याला कॉन्टॅक्ट म्हणतात. चौथ्या फ्रेमला अंगाचा भार पुढच्या पायावर येतो, गुडघा वाकतो आणि शरीर सर्वांत खाली जातं. ही डाउन पोझ. सातव्या फ्रेमला एका पायावर उभं राहून दुसरा पाय त्याच्या शेजारून पुढे जात असतो, ती पासिंग. दहाव्या फ्रेमला मागचा पाय ढकलतो आणि शरीर सर्वांत वर येतं, ती अप. तेराव्या फ्रेमला पुन्हा कॉन्टॅक्ट, फक्त आता दुसरा पाय पुढे.

वाचायला हे अर्ध्या तासाचं काम वाटतं. प्रत्यक्षात नवख्याचं पहिलं चालणं जवळजवळ नेहमी एकाच पद्धतीने बिघडतं. पाय हलतात, हात हलतात, पण कंबर एका सरळ रेषेत पुढे सरकते. शरीर खाली जातच नाही, त्यामुळे भार कुठे पडला हे दिसत नाही आणि पात्र बर्फावरून घसरल्यासारखं जातं. दुसरी चूक म्हणजे टेकलेलं पाऊल जमिनीवरच इंचभर सरकतं. तिसरी, पाय सरळ होता होता गुडघा एका फ्रेममध्ये झटका देऊन ताठ होतो.

तपासायची एक सोपी रीत आहे. पडद्याचा खालचा अर्धा भाग कागदाने झाका आणि फक्त छाती आणि डोकं बघा. एवढ्यावरून पाऊल कधी पडलं ते कळत असेल, तर चालण्यात वजन आहे. नसेल कळत, तर पायांवर कितीही मेहनत घेतली तरी उपयोग नाही, कारण दोष कमरेत आहे.

ही रीत माहीत असणं एक, आणि आपल्या स्वतःच्या कामात दोष दिसणं वेगळं. चार दिवस एकाच चालीकडे बघून डोळा सरावतो आणि ती चाल बरोबर वाटू लागते. तिथे दुसऱ्या कुणीतरी बोट ठेवावं लागतं. म्हणूनच स्टुडिओत रोज केलेले शॉट लीडसमोर लावले जातात, तो खुणा करतो आणि शॉट परत येतो. त्याला रिटेक म्हणतात. अनुभवी माणसालाही रिटेक येतात. ॲनिमेटर घडतो तो या परत आलेल्या शॉटमधून.

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवातही अशीच झाली. 1956 मध्ये क्लेअर वीक्स हे डिस्नेत काम केलेले ॲनिमेटर मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागातल्या कलाकारांना शिकवायला आले. तिथे शिकलेल्यांपैकी राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनमधलं सर्वांत ठळक नाव झाले. शिकणं आणि काम एकाच टेबलावर चाललं होतं, आणि चित्र दुरुस्त करणारा माणूस शेजारी उभा होता.

तेव्हा तिन्ही वाटांना विचारायचा प्रश्न असा : माझा शॉट किती वेळा परत येईल, आणि तो परत पाठवणाऱ्याला स्वतःला हे काम येतं का? दुसरा प्रश्न कागदाचा : पुढच्या दहा वर्षांत मला डिग्री कुठे लागेल?

डिप्लोमा : वेळ कमी, विषय फार

खासगी संस्थांचे डिप्लोमा साधारण एक ते दोन वर्षांचे असतात आणि त्यांची फी लाखाच्या पुढेच असते, मोठ्या शहरात दोन-तीन लाखांपर्यंत जाते. चांगल्या केंद्रात दोन गोष्टी खरोखर मिळतात : रोज जाऊन बसायची सक्ती आणि सोबतीला तसंच काम करणारी मुलं. ज्याला एकट्याने घरी बसून काम होत नाही, त्याच्यासाठी हे मोलाचं आहे.

अडचण अभ्यासक्रमाच्या रुंदीत आहे. माहितीपत्रकात आठ-दहा सॉफ्टवेअरची नावं असतात आणि पालकांना ती बघून बरं वाटतं. आता हिशेब करू. रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस, वर्षाला पन्नास आठवडे धरले तर पाचशे तास होतात. त्यात चित्रकला, फोटो एडिटिंग, टूडी, मॉडेलिंग, टेक्श्चरिंग, रिगिंग, ॲनिमेशन, लायटिंग, काँपोझिटिंग आणि एडिटिंग असे दहा विषय बसवले, तर प्रत्येकाला पन्नास तास येतात. पात्राने दहा सेकंद बोलावं आणि ते खरं वाटावं, असा एक शॉट नवख्याला दोन-तीन आठवडे पूर्णवेळ खातो. पन्नास तासांत चेंडू उसळतो, पात्र कसंबसं चालतं आणि विषय संपतो.

म्हणून एका वर्षाचा सर्वसमावेशक डिप्लोमा केलेल्या मुलांना पहिली नोकरी अनेकदा रोटोची मिळते. रोटो म्हणजे चित्रीकरणातल्या माणसाची कड फ्रेममागून फ्रेम आखून त्याला पार्श्वभूमीपासून वेगळं काढणं. व्हीएफएक्सचा हा पाया आहे, त्यात सफाई लागते आणि मुंबई-पुण्यात ते काम बरंच आहे. पण कार्टून हलवायचं म्हणून शिकायला गेलेल्या मुलाला तिथे बसल्यावर आपण दुसऱ्याच दारातून आत आलो असं वाटतं. हे आधीच माहीत असावं. रोटोतून काँपोझिटिंगकडे जाणारी वाट चांगली आहे. रोटोतून पात्राच्या ॲनिमेशनकडे मात्र आपोआप जाता येत नाही, त्यासाठी वेगळं रील करावं लागतं.

मोठ्या नावाच्या संस्थांची बहुतेक केंद्रं फ्रँचायझीवर चालतात. त्यामुळे बोर्डावरचं नाव एकच असलं तरी एका शहरातलं केंद्र आणि दुसऱ्या शहरातलं केंद्र यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. प्रवेशाआधी केंद्रात जाऊन तीन गोष्टी मागाव्यात. मागच्या दोन बॅचच्या मुलांची रील दाखवा. संस्थेची जाहिरात नको, सरासरी मुलाचं रील. ॲनिमेशन शिकवणाऱ्या शिक्षकाने स्टुडिओत किती वर्षं आणि कोणत्या कामावर घालवली ते सांगा. आणि चालू वर्गात अर्धा तास मागे बसू द्या. त्या अर्ध्या तासात शिक्षक मुलांच्या कामावर बोलतोय, की पडद्यावर बटणं कुठे आहेत ते दाखवतोय, हे कळतं. बटणं यूट्यूबवरही कळतात.

नोकरीच्या हमीबद्दल एकच विचारायचं : हमी नोकरीची की मुलाखतीची? करारात बहुधा ‘प्लेसमेंट साहाय्य’ असे शब्द असतात, आणि दोन मुलाखतींना पाठवलं की ते साहाय्य पूर्ण होतं. फी हप्त्याने भरताना हप्ता संस्थेचा आहे की वित्तसंस्थेच्या कर्जाचा, हेही वाचून घ्यावं. कर्ज असेल तर मुलाने चौथ्या महिन्यात वर्ग सोडला तरी हप्ते चालूच राहतात.

डिग्री : कागद आणि पाया

डिग्रीच्याही आत तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिली, डिझाइन संस्थांची चार वर्षांची बी.डिझ. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, ॲनिमेशन फिल्म डिझाइन हा स्वतंत्र विषय आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसीतही बी.डिझ. आहे, तिथे यूसीड परीक्षेतून प्रवेश मिळतो. दोन्हीकडे कोणत्याही शाखेची मुलं बसू शकतात. मात्र या परीक्षांचे अर्ज बारावीच्या वर्षीच दिवाळीच्या आसपास भरायचे असतात. निकाल हातात आल्यावर जागे झालेल्या मुलाची ती गाडी त्या वर्षापुरती सुटलेली असते.

दुसरी, चार वर्षांची बी.एफ.ए. सर ज.जी. कला महाविद्यालयाच्या परंपरेतली ही पदवी. राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी सीईटी असते आणि त्यात चित्रकलेची कसोटी लागते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दिलेल्या मुलांचा हात इथे आधीच बसलेला असतो. तिसरी, विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांतली ॲनिमेशनची तीन किंवा चार वर्षांची पदवी. यात खासगी विद्यापीठांची फी वर्षाला लाखांत जाते.

चांगल्या डिझाइन किंवा कला संस्थेत पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण कागदावर जातं. माणसं बघून चित्र काढणं, रंग, आकार, माती, लाकूड. मूल घरी येऊन सांगतं, अजून कॉम्प्युटरला हातही लावला नाही, आणि वडील अस्वस्थ होतात. पण कथा रचणं, स्टोरीबोर्ड करणं, पात्र घडवणं ही कामं पुढे ज्यांच्याकडे जातात त्यांचा पाया इथे पडतो. उलट बाजूही आहे. अशा संस्थेतून बाहेर पडलेला विद्यार्थी स्वतःची तीन मिनिटांची फिल्म सुंदर करतो, पण स्टुडिओच्या वेगाने आठवड्याला ठरलेले सेकंद काढायला त्याला वेळ लागतो. सॉफ्टवेअरचा सराव त्याला स्वतःच करावा लागतो.

राहिला कागदाचा प्रश्न. भारतातल्या स्टुडिओत पहिली नोकरी डिग्रीशिवाय मिळते. पण परदेशात जायचं झालं की गोष्ट बदलते. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते, परदेशात मास्टर्स करायला पदवी लागते, आपल्याकडे महाविद्यालयात शिकवायला पदव्युत्तर शिक्षण लागतं. हा धंदा चढउतारांचा आहे हेही ध्यानात घ्यावं. टेक्निकलर ही जगातली मोठी व्हीएफएक्स कंपनी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद पडली आणि तिच्या भारतातल्या कामाला कुलूप लागलं. तिथले लोक कामात कच्चे नव्हते. अशा वेळी दुसरीकडे वळायचं तर बरीच दारं पदवी विचारतात.

एका सापळ्याची वेगळी दखल घ्यायला हवी. काही खासगी केंद्रं ‘डिप्लोमासोबत डिग्री’ देऊ करतात. डिग्री विद्यापीठच देऊ शकतं, आणि विद्यापीठाने फ्रँचायझी केंद्रांमार्फत पदवी चालवणं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत बसत नाही. म्हणून असं काही पुढे आलं, तर विद्यापीठाचं नाव घ्यायचं, आयोगाच्या संकेतस्थळावरच्या यादीत ते विद्यापीठ आणि तो दूरस्थ अभ्यासक्रम त्या वर्षासाठी मान्य आहे का ते बघायचं, आणि प्रवेश व फीची पावती विद्यापीठाच्या नावाची मागायची.

घरचा अभ्यास : साधनं फुकट, शिस्त महाग

घरी शिकायचं म्हटलं तर सॉफ्टवेअरची अडचण नाही. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर कायदेशीरपणे फुकट आहे. चित्रांसाठी क्रिता आणि टूडीसाठी ओपनटून्झही फुकट आहेत. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिसचा ‘फ्लो’ हा चित्रपट ब्लेंडरमध्ये झाला आणि त्याला 2025 मध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. हा दिग्दर्शक कोणत्याही फिल्म संस्थेत शिकलेला नाही.

हे उदाहरण मुलं आईवडिलांना सांगतात, पण अर्धंच सांगतात. झिल्बालोदिसने शाळकरी वयापासून लघुपट केले होते. त्याचा आधीचा ‘अवे’ हा अख्खा चित्रपट त्याने एकट्याने साडेतीन वर्षं खपून केला. आणि ‘फ्लो’च्या वेळी तो एकटा नव्हता, तीन देशांतली माणसं कामाला होती.

घरच्या अभ्यासात मुलं दोन ठिकाणी अडकतात. पहिलं ठिकाण म्हणजे धडे बघण्याचं. ब्लेंडर शिकणारा जवळजवळ प्रत्येकजण अँड्र्यू प्राइसच्या धड्यावरून डोनट करतो. डोनट छान होतो. पण तो सांगितलेल्या क्रमाने बटणं दाबून झालेला असतो, त्यामुळे ‘आता स्वतःची चहाची किटली कर’ म्हटलं की हात थांबतो. असं डोनट रीलमध्ये दिसलं की लीडला ते पाचशेवं असतं. दुसरं ठिकाण म्हणजे मघाचंच : कमरेतला दोष दाखवणारं कुणी नसतं. समाजमाध्यमांवर टाकलेल्या चालीखाली ‘भारी’ असं लिहून येतं, ‘चौथ्या फ्रेमला शरीर खाली गेलं नाही’ असं लिहून येत नाही.

दुसऱ्या अडचणीवर पैसे देऊन उपाय आहे. काम करणारे ॲनिमेटर ऑनलाइन शिकवण्या घेतात, आठवड्याला एक शॉट तपासून त्यावर रेघा मारून परत देतात. परदेशी शाळांची अशी सत्रं डॉलरमध्ये असतात आणि महाग पडतात. भारतात काम करणाऱ्या ॲनिमेटरकडून ती बरीच स्वस्तात मिळू शकतात. घरी शिकणाऱ्याने कॉम्प्युटरनंतरचा पहिला खर्च इथे करावा. पहिल्या अडचणीवर मात्र पैशाचा उपाय नाही.

सांगलीच्या मुलीचं गणित

आता हे सगळं एका उदाहरणात मांडून पाहू. समजा, सांगलीची एक मुलगी वाणिज्य शाखेतून बारावी झाली आहे. इंटरमीजिएटला तिला ए ग्रेड आहे. घरी कॉम्प्युटर नाही. घरचे तीन वर्षांत मिळून तीन लाख रुपये खर्च करू शकतात. आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येकाने स्वतःच्या गावचे घालून बघावेत.

पुण्यातला सव्वा वर्षाचा डिप्लोमा, फी सव्वादोन लाख. खोली आणि मेस मिळून महिना नऊ हजार म्हटलं तरी पंधरा महिन्यांचे एक लाख पस्तीस हजार. इथेच तीन लाख साठ हजार झाले, आणि अजून कॉम्प्युटर घ्यायचा आहे. संस्थेतला कॉम्प्युटर वर्गाच्या दोन तासांपुरता. बाकीचा सराव कुठे करणार? म्हणजे कर्ज आलं. कोर्स संपल्यावर नवख्याचा पगार बऱ्याचदा महिना पंचवीस हजारांच्याही आत असतो, आणि त्यातून शहरातला खर्च भागवून हप्ता भरायचा असतो.

खासगी विद्यापीठातली पदवी वर्षाला दोन-अडीच लाख फीची असेल, तर तिचा विचार शिक्षणकर्जाशिवाय होतच नाही. अनुदानित कला महाविद्यालयातली बी.एफ.ए. मिळाली तर फी आवाक्यात येते, आणि इंटरमीजिएटचा हात तिथे उपयोगी पडतो. प्रवेश मिळत असेल तर या मुलीने ती जागा सोडू नये. पण तिथल्या जागा मोजक्या आहेत, आणि ती मिळेल असं धरून बसता येत नाही.

तिसरं गणित असं. सांगलीतच बी.कॉम.ला प्रवेश, तीन वर्षांची फी तीस हजारांच्या आसपास. सोळा जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक कार्ड असलेला कॉम्प्युटर आणि पेन टॅब्लेट मिळून सत्तर-ऐंशी हजार. कॉलेज सांभाळून रोज दोन तास, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे सहाशे तास. हे मघाच्या डिप्लोमाच्या वर्षापेक्षा जास्त आहेत, आणि ते दहा विषयांत वाटायचे नाहीत, सगळे पात्राच्या हालचालीलाच द्यायचे. दुसऱ्या वर्षी शॉट तपासून देणाऱ्या ॲनिमेटरकडे सहा महिने शिकवणी, तिला चाळीस-पन्नास हजार ठेवू. तीन वर्षांच्या शेवटी साधारण एक लाख साठ हजार खर्च झालेले असतील. हातात मान्यताप्राप्त पदवी असेल, आणि उरलेल्या एक लाख चाळीस हजारांत पुण्या-मुंबईत सहा महिने राहून फक्त कॅरेक्टर ॲनिमेशनचा छोटा कोर्स करता येईल किंवा स्टुडिओत उमेदवारी करता येईल.

कागदावर हे तिसरं गणित सरळ जिंकतं. पण ते एका आकड्यावर उभं आहे, ‘रोज दोन तास’ या. कॉलेजच्या परीक्षा, घरातली लग्नं, गणपती, आजारपण या सगळ्यांतून ते दोन तास टिकले तर सहाशे तास. नाही टिकले तर दीडशे. मग फुकट सॉफ्टवेअर आणि ऐंशी हजारांचा कॉम्प्युटर यांवर मालिका बघितल्या जातात, आणि तीन वर्षांनी हातात फक्त बी.कॉम. उरतं. अशा मुलासाठी तीन लाख साठ हजारांचा डिप्लोमाही स्वस्त ठरेल, कारण तिथे निदान कुणीतरी हजेरी घेतं.

मार्च ते जून

आपलं मूल कोणत्या प्रकारचं आहे हे समुपदेशकाला विचारायची गरज नाही. बारावीचा शेवटचा पेपर आणि प्रवेश यांच्यामध्ये साधारण तीन महिने असतात, ते वापरावेत. कॉम्प्युटर नसेल तर कुणाचा तरी उसना घ्यावा; पहिल्या दोन कामांना जुना लॅपटॉपही चालतो.

पहिले दोन आठवडे फक्त उसळणारा चेंडू. चेंडू वर असताना एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत थोडाच सरकतो, खाली येताना ती अंतरं वाढत जातात. सगळी अंतरं सारखी ठेवली तर चेंडू फुग्यासारखा दिसतो. रबरी चेंडू आणि लोखंडी गोळा, दोन्ही करायचे, आणि रंग न बदलता बघणाऱ्याला फरक कळला पाहिजे. पुढचा महिना पिठाच्या पोत्याचा. हात, पाय, चेहरा नसलेलं पोतं दमलंय, घाबरलंय, उडी मारतंय हे फक्त त्याच्या वाकण्यातून दाखवायचं. हा जुना आणि अवघड धडा आहे. उरलेल्या दीड महिन्यात चालणं. ब्लेंडर स्टुडिओने ‘रेन’ नावाचं तयार पात्र फुकट ठेवलं आहे, त्याला चालवायचं, आणि कागदाने पाय झाकून तपासायचं.

पालकांनी कामाच्या दर्जाकडे फार बघू नये, तो कच्चाच असणार. बघायची गोष्ट ही, की दोष कळल्यावर मूल काय करतं. तीच चाल पाचव्यांदा उघडून कमरेवर काम करत असेल, तर ते घरच्या अभ्यासावर तग धरेल, आणि पदवी जवळच्या कॉलेजातून स्वस्तात घेता येईल. चाल अर्धवट सोडून नवा धडा लावत असेल, पण शेजारी कुणी बसलं की नीट काम करत असेल, तर त्याला वर्ग हवा. मग चांगलं केंद्र शोधण्यात ते तीन महिने घालवावेत. आणि चालीपेक्षा ‘हे पात्र कुठे चाललंय, कुणाला भेटायला’ यातच ज्याचं मन जास्त रमतं, त्याने एक वर्ष थांबून एनआयडी आणि यूसीडच्या परीक्षा द्याव्यात, कारण तो गोष्ट सांगणारा आहे आणि ती शिकवायची जागा तिथे आहे. तिन्हींपैकी काहीच झालं नाही, चेंडूच्या दुसऱ्या दिवशीच कंटाळा आला, तर तेही उपयोगाचं उत्तर आहे, आणि ते फी भरण्याआधी मिळालेलं आहे.